मालक होतात, आता कुणाच्या हाताखाली जमेल का?

आज आम्ही दोघं मिळून बोलणार आहोत, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय. आमच्यापैकी एकानं स्वतःची कंपनी बंद करून नोकरी धरली, आणि दुसरी गेली बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून माणसं घेते आहे. एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आम्ही पाहिल्यात, आणि आज फक्त त्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं ठरवलंय.

स्टार्टअप बंद केलेला माणूस नोकरीच्या मुलाखतीला जातो. तांत्रिक फेरी चांगली होते, अनुभव ऐकून समोरचे खूश होतात. मग शेवटी, जरा हसत, अगदी सहज विचारल्यासारखं कुणीतरी विचारतं, ‘‘तुम्ही स्वतः मालक होतात. आता कुणाच्या हाताखाली काम करायला जमेल ना?’’ बहुतेक जण लगेच म्हणतात, ‘‘हो हो, काहीच अडचण नाही.’’ आणि मुलाखत तिथेच हातातून सुटते. उत्तर चुकीचं नसतं, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ज्याला खरंच जमणार नाही, तोही अगदी हेच म्हणतो.

मग हे सिद्ध कसं करायचं? त्याआधी समोरच्याला नेमकी भीती कशाची आहे ते समजून घेऊ. या एका प्रश्नात तीन वेगवेगळ्या भीती असतात. पहिली, हा माणूस सहा-आठ महिन्यांत नवी कल्पना सुचली की निघून जाईल. दुसरी, आम्ही ठरवलेला प्रत्येक निर्णय हा पुन्हा उकरून काढेल. आणि तिसरी, ही कुणी तोंडानं बोलत नाही, हा आपल्या मॅनेजरला ओलांडून थेट वरच्या साहेबांशी बोलायला लागेल.

यातली एकही भीती तुमच्या क्षमतेबद्दल नाही, हे लक्षात घ्या. घोटाळा इथेच होतो. प्रश्न आला की माजी संस्थापक आपली क्षमता अजून जोरात दाखवायला लागतो. ‘‘मी सगळं एकहाती उभं केलं. विक्री मी, भरती मी, हिशेब मी.’’ त्याला वाटतं, आपण जबाबदारी घेणारे आहोत हे दिसतंय. समोरच्याला मात्र ऐकू येतं की या माणसाला कुणाची गरजच लागत नाही. म्हणजे जितकं जास्त सांगाल तितकी भीती वाढते.

आता काही जण याच्या उलट टोकाला जातात. ‘‘तुम्ही सांगाल ते करीन’’ असं म्हणत इतके नमतात की समोरच्याला वाटतं, मग याला घ्यायचं कशाला? संस्थापक म्हणून जे वेगळं होतं, तेच यानं घरी ठेवलं. त्यामुळे नम्रता वाढवून किंवा आत्मविश्वास कमी करून हे सुटत नाही. गोष्ट वेगळीच आहे.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळात गेल्या वर्षीचा अध्यक्ष यंदा साधा कार्यकर्ता असतो. समजा त्याच्याकडे दर्शनाच्या रांगेचं काम आलं. एक अध्यक्ष दर तासाला मांडवात येऊन सांगतो, ‘‘आमच्या वेळी लायटिंग अशी नव्हती, वर्गणी अशी नव्हती.’’ दुसरा काय करतो? रांग कुठे अडते ते बघतो, दोरी सरकवतो, म्हाताऱ्या माणसांना वेगळी वाट करून देतो. आणि रांगेमुळे बाहेरचा रस्ता तुंबायला लागला की नव्या अध्यक्षाला जाऊन सांगतो, ‘‘साडेआठनंतर एक बाजू बंद करावी लागेल असं मला वाटतं, तू ठरव.’’ तो म्हणाला नको, तर नको. हा परत रांगेवर जातो आणि त्यातल्या त्यात मार्ग काढतो. दोघांनाही मंडळ आपलं वाटतं. पण दुसऱ्याला आपली हद्द कुठे संपते ते कळतं.

फरक एवढाच आहे. संस्थापक असताना कामाचा निकालही तुमच्या हातात असतो आणि कामाची हद्दही तुम्हीच आखता. नोकरीत निकालाची जबाबदारी तुमची, पण हद्द दुसऱ्यानं आखलेली. नोकरीत ‘काम आपलं समजणं’ म्हणजे त्या हद्दीच्या आत काम शेवटपर्यंत नेणं, हद्दीपाशी काही खटकलं तर लवकर आणि स्पष्ट बोलणं, आणि निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी तो मनापासून पार पाडणं. मुलाखतीत दाखवायचं ते हे. आणि हे वाक्यांनी दाखवता येत नाही, घडलेल्या गोष्टींनीच दाखवता येतं.

मुद्दा प्रत्यक्षात कसा उतरतो ते एका मुलीच्या प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पुण्यात तिची डब्यांची मासिक सेवा होती. घरगुती स्वयंपाक करणाऱ्या बायकांकडून डबे घ्यायचे आणि विद्यार्थी, नोकरदार यांना पोचवायचे. जानेवारी २०२२ ते एप्रिल २०२५, सव्वातीन वर्षं चाललं. ऑफिसात नऊ माणसं होती. मग ते बंद झालं आणि तिनं पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत शहराच्या ऑपरेशन्सच्या जागेसाठी अर्ज केला. तिथला होणारा मॅनेजर तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

पहिल्यांदा ती आमच्याकडे बायोडेटा घेऊन आली, तेव्हा वरच लिहिलं होतं, ‘संस्थापक आणि सीईओ. शून्यातून कंपनी उभी केली. उत्पादन, विक्री, भरती, निधी, सर्व जबाबदाऱ्या एकहाती सांभाळल्या.’ आम्ही तिला विचारलं, तू ज्या जागेसाठी अर्ज करतेयस त्या जागेवर यातलं काय लागणार आहे? ती म्हणाली, ‘‘डिलिव्हरीचे मार्ग, पोरांच्या पाळ्या आणि तक्रारी.’’ मग बायोडेट्यात तेच वर आलं. ‘संस्थापक’ हा शब्द ठेवला, ‘सीईओ’ काढला. नऊ माणसांच्या कंपनीत त्या शब्दानं काही कळत नाही, आणि वाचणाऱ्याला उगाच खुर्ची दिसते. खाली तीन ओळी. एक, रोज ६१० डब्यांचे मार्ग कसे आखले. दोन, पोचवणाऱ्या पोरांच्या पाळ्या. तीन, कोणते निर्णय तिचे होते आणि कोणते तिच्या भागीदाराचे. निधी उभारण्याची ओळ गेली. ती खोटी नव्हती, पण या नोकरीशी तिचा संबंध नव्हता.

काही जण याच्याही पुढे जातात आणि ‘संस्थापक’ शब्दच लपवतात, आपल्याच कंपनीत ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ होतो असं लिहितात. ते करू नका. पार्श्वभूमीची तपासणी करणारे लोक कंपनी कामकाज मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकतात आणि संचालकांची नावं समोर येतात. ज्या गोष्टीची लाज नव्हती ती लपवली, म्हणून ऑफर जाते.

आता पुढचा प्रश्न, ‘कंपनी का बंद झाली?’ इथे तिचं पहिलं उत्तर सात मिनिटांचं होतं. त्यात भागीदार, बाजार, मोठ्या ॲपची स्पर्धा, सगळं होतं. ऐकणारा या उत्तरात एकच गोष्ट ऐकत असतो, उद्या हा माणूस आमच्याबद्दल बाहेर कसा बोलेल? म्हणून आम्ही तिला हिशेबापासून सुरुवात करायला सांगितलं. आणि हिशेब साधा होता.

महिन्याचे २,८०० रुपये, त्यात २६ डबे. म्हणजे एका डब्याला सुमारे १०८ रुपये मिळायचे. करणाऱ्या बाईंना ७०, पोचवायला ३२, पॅकिंग आणि पैसे भरण्याचं शुल्क मिळून ९. बेरीज १११. प्रत्येक डब्यामागे तीन रुपयांहून थोडा जास्त तोटा, आणि ऑफिसातल्या नऊ जणांचे पगार वेगळेच. गिऱ्हाईक वाढलं की तोटा वाढत होता. तिचं नवं उत्तर असं झालं, ‘‘एका डब्यामागे आम्हाला तीन रुपये तोटा होता. वाढ झाली की पोचवण्याचा खर्च उतरेल असं मी धरून चालले होते. तो उतरत नाहीये हे मला सहा महिने आधी दिसायला हवं होतं. बंद करायचं ठरल्यावर आम्ही आगाऊ घेतलेले पैसे परत केले, बायकांची बाकी चुकती केली आणि ऑफिसातल्या सगळ्यांना शेवटचा पगार दिला.’’ संपलं. दीड मिनिटसुद्धा लागत नाही.

यातलं शेवटचं वाक्य नीट बघा. जबाबदारी घेण्याचा तुमच्याकडे असलेला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कंपनी सुरू कशी केली हा नाही. बंद कशी केली, हा आहे. सुरू करताना उत्साह असतो, कौतुक करणारे असतात. बंद करताना कुणी बघत नसतं. तेव्हा पैसे कुणाचे आधी दिले, फोन कुणाचे उचलले, हे सांगता आलं तर दुसरं काही सांगायची फारशी गरज राहत नाही. आणि जे नीट झालं नाही तेही सांगा. तिच्या बाबतीत एका पुरवठादाराचे पैसे हप्त्यानं द्यावे लागले. ते तिनं सांगितलं. त्यानं तिचं काही बिघडलं नाही.

आता येतो मुख्य प्रश्न. ‘वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, सांगा.’ माजी संस्थापक म्हणतो, मला वरिष्ठच नव्हते. हे खरं नसतं. गुंतवणूकदार असतो, भागीदार असतो, निम्मं उत्पन्न देणारं एखादं मोठं गिऱ्हाईक असतं. या सगळ्यांचे निर्णय तुम्ही कधी ना कधी मान्य केलेले असतात. पण आठवतात त्या गोष्टी वेगळ्या. ‘सगळे नाही म्हणत होते, मी केलं, आणि मी बरोबर निघालो.’ संस्थापकाच्या पोतडीत अशाच गोष्टी भरलेल्या असतात, कारण गुंतवणूकदारांसमोर त्याच चालतात. नोकरीच्या मुलाखतीत नेमकी तीच गोष्ट दुसऱ्या भीतीवर बोट ठेवते. इथे लागते ती गोष्ट, ज्यात तुम्ही वादात हरलात आणि तरी काम नीट केलंत.

तिच्याकडे अशी गोष्ट होती, पण ती तिला अपयश समजत होती. हिंजवडीचा मार्ग बंद करावा असं भागीदाराचं आणि गुंतवणूकदाराचं म्हणणं होतं. हिंजवडीला १४० डबे जायचे, अंतर जास्त, ट्रॅफिक जास्त. तिचा विरोध होता, कारण तिथली गिऱ्हाइकं महिना चुकवत नव्हती. तिनं आपलं म्हणणं एका पानावर लिहून दिलं आणि दोन महिने मागितले. ते मिळाले नाहीत. निर्णय बंद करण्याचा झाला. मग तिनं काय केलं? १४० जणांना स्वतः कळवलं, उरलेल्या दिवसांचे पैसे अकरा दिवसांत परत केले, आणि त्या मार्गावरच्या पोरांना दुसऱ्या मार्गांवर सामावून घेतलं. ‘‘वरून आलंय, मला पटलेलं नाही’’ असं एकाही गिऱ्हाइकाला किंवा पोराला म्हणाली नाही.

परिणाम काय झाला? पोचवण्याचा खर्च ३२ वरून २५ रुपयांवर आला. म्हणजे डब्यामागे तोटा जाऊन पावणेचार रुपयांच्या आसपास उरायला लागले. भागीदाराचं बरोबर होतं. पण डबे ४७० राहिले, आणि त्यातून महिन्याला जेमतेम पंचेचाळीस हजार सुटत होते. नऊ जणांचे पगार त्यातून निघणं शक्य नव्हतं. म्हणून शेवटी बंद झालं ते झालंच, पण त्या निर्णयानं आठ महिने मिळाले. मुलाखतीत ती म्हणाली, ‘‘मी चुकले होते. आणि मी तो निर्णय अर्धवट मनानं राबवला असता, तर मी चुकले होते हे मला कधी कळलंही नसतं.’’

अशी गोष्ट सांगताना चार जागा रिकाम्या सोडू नका. तुमचं मत काय होतं, ते कुणाला आणि केव्हा सांगितलंत, निर्णय विरुद्ध गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत, आणि शेवटी काय निघालं. तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. ‘मग मी ते मान्य केलं’ एवढं म्हणून पुढे जातात. मान्य करणं दिसत नाही, दुसऱ्या दिवसाचं काम दिसतं. शेवटी तुम्हीच बरोबर निघाला असाल तरी चालेल, पण ते चवीनं सांगू नका.

यानंतर तिला घरी करायला एक काम दिलं गेलं. एका डेपोतून पार्सलं उशिरा निघतात, काय कराल, दोन पानांत लिहा. तिचा पहिला मसुदा अगदी संस्थापकाचा होता. नवं ॲप, पाळ्यांची फेररचना, कंत्राटदार बदलायचा, नव्वद दिवसांत डेपोचा कायापालट. कल्पना वाईट नव्हत्या, पण वाचणाऱ्या मॅनेजरला काय दिसलं असतं? ज्यानं तो कंत्राटदार नेमला, ज्यानं त्या पाळ्या लावल्या, तो कदाचित हेच वाचतोय. दुसऱ्या मसुद्यात तिनं तीन भाग केले. पहिल्या आठवड्यात सकाळच्या पाळीत उभं राहून काय मोजेन. मग, मला दिलेल्या जागेवरून जे दोन बदल मी स्वतः करू शकेन. आणि शेवटी, कंत्राटदाराबद्दल एक शंका, जिच्यावर निर्णय मॅनेजरचा असेल आणि त्यासाठी मी कोणते आकडे आणून देईन. कल्पना जवळजवळ त्याच होत्या. पण कोणता निर्णय कुणाचा, हे आता कागदावर दिसत होतं.

मॅनेजरच्या फेरीत तिनं स्वतःहून एक प्रश्न विचारला. हा प्रश्न प्रत्येक माजी संस्थापकानं विचारावा असं आम्हाला वाटतं. ‘‘या जागेवर कोणते निर्णय मी तुम्हाला न विचारता घ्यावेत, कोणते घेऊन मग सांगावेत, आणि कोणते आधी विचारूनच घ्यावेत?’’ ही खुशामत नाही. मॅनेजरला यावरून कळतं की हद्द विचारायची असते हे या बाईला ठाऊक आहे. आणि तुम्हालाही काहीतरी कळतं. ज्याला या प्रश्नाचं उत्तरच देता येत नाही, किंवा जो म्हणतो ‘सगळंच विचारून करा’, त्याच्याकडे तुमचं जमणं कठीण आहे. ते आधीच कळलेलं बरं.

राहिली पहिली भीती, हा टिकेल का. इथे पाच वर्षं राहीन अशी शपथ घेऊ नका, कुणी विश्वास ठेवत नाही. हीच नोकरी का, याचं कामाशी जोडलेलं कारण द्या. ती म्हणाली, ‘‘६०० डब्यांवर मला जो खर्च उतरवता आला नाही, तो हजारो पार्सलांवर कसा उतरतो हे मला आतून बघायचंय.’’ हे पटतं, कारण ते तिच्याच हिशेबातून आलंय.

पण टिकण्याबद्दल बोलण्यापेक्षा कागद जास्त बोलतात, आणि इथे बरेच जण अडकतात. धंदा बंद झाला म्हणजे कंपनी बंद झाली असं नसतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदीतून काढली जात नाही तोवर कायद्यानं जिवंत असते, मंत्रालयाच्या वेबसाइटवर तिच्यापुढे ‘Active’ असं दिसतं आणि तुम्ही तिचे संचालक असता. नोंदीतून काढण्यासाठी कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली STK-2 हा अर्ज करावा लागतो. पण त्याआधी सगळी देणी फिटलेली असावी लागतात, आणि साधारणपणे आधीची दोन आर्थिक वर्षं व्यवसाय झालेला नसावा लागतो. म्हणजे एप्रिलमध्ये धंदा थांबवला आणि जूनमध्ये कंपनी गायब, असं होत नाही. बरं, राजीनामा देऊन सुटावं म्हटलं, तर प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात. दोघंच असाल तर तोही मार्ग सोपा नाही. या मधल्या काळात वार्षिक विवरणपत्रं भरत राहावी लागतात. ती सलग तीन आर्थिक वर्षं भरली नाहीत, तर पाच वर्षं संचालक म्हणून नेमणुकीला तुम्ही अपात्र ठरता. आपल्या सीएशी बसून हे नक्की करून घ्या.

याचा नोकरीशी संबंध काय? नेमणूकपत्रात बहुधा लिहिलेलं असतं की दुसरा व्यवसाय करणार नाही. आणि तुमचं नाव तर संचालक म्हणून दिसतंय. तपासणीत ते त्यांना सापडलं तर पहिली भीती खरी ठरल्यासारखी वाटते. तेच तुम्ही ऑफर येण्याआधी एका मेलमध्ये सांगितलं तर ती साधी माहिती असते. तिनं एचआरला एवढंच लिहिलं, ‘कंपनीचा व्यवसाय एप्रिल २०२५ पासून बंद आहे. नोंदणी रद्द करण्याची अट पूर्ण होईपर्यंत मी कागदोपत्री संचालक आहे. वार्षिक विवरणपत्रं भरण्यापलीकडे तिचं काही काम नाही. अर्ज केल्यावर त्याची पावती कळवीन.’ तिला कुणी पुढे काही विचारलं नाही.

तसंच, तुम्हाला कार्यमुक्तीचं पत्र देणारं कुणी नसतं. एचआर मात्र ते मागणारच. त्याऐवजी कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, तुमची आयकर विवरणपत्रं, आणि पगार घेत असाल तर बँकेच्या नोंदी तयार ठेवा. संदर्भ म्हणून लोक आपल्या हाताखालच्यांची नावं देतात. ते कौतुक करतात, पण त्यांच्या कौतुकातून तुम्ही चांगले साहेब होतात एवढंच कळतं. एक नाव तरी अशा माणसाचं द्या ज्यानं तुम्हाला कधी ‘नाही’ म्हटलंय. तिनं भागीदाराचं दिलं, हिंजवडी बंद करा म्हणणाऱ्याचं. त्या एका फोननं बरंच काम केलं असणार.

सभागृहातून प्रश्न आला की हे सगळं केलं तरी नोकरी मिळेलच का? नाही. काही मॅनेजर असे असतात की माजी संस्थापक म्हटलं की त्यांना धास्तीच वाटते. तिथे कुठल्याही उत्तरानं काही होत नाही. आणि काही जागा याच्या उलट असतात. तिथे स्वतः हद्द आखणारा माणूसच हवा असतो, संस्थापकाच्या थेट हाताखाली काम असतं. अशा ठिकाणी आम्ही सांगितलेलं सगळं थोडं सैल सोडायला हरकत नाही. जागा कोणत्या प्रकारची आहे, हे तो निर्णयांबद्दलचा प्रश्न विचारला की पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

दुसरा प्रश्न एका दादांनी विचारला, आणि तो प्रामाणिक होता. ‘‘मला खरंच कुणाचं ऐकणं जमत नसेल तर?’’ दादा, मुलाखतीच्या आधी घरी बसून एक गोष्ट आठवून बघा. गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या कुणाचा असा एखादा निर्णय, जो तुम्हाला पटला नव्हता आणि तरी तुम्ही मनापासून पार पाडलात. एक जरी सापडला, तरी तुमच्याकडे सांगायला गोष्ट आहे. खूप शोधूनही सापडलाच नाही, तर मुलाखत घेणाऱ्याची शंका रास्त आहे. मग ठराविक मुदतीची, ठराविक कामाची कंत्राटं घ्या. तिथे काय द्यायचं ते गिऱ्हाईक ठरवतं आणि कसं करायचं ते तुम्ही. त्यात कमीपणा काही नाही.

त्या मुलीला ती जागा मिळाली. पहिल्या महिन्यात तिनं स्वतःला एकच नियम घातला होता, ‘आमच्या कंपनीत आम्ही असं करायचो’ हे वाक्य आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या आठवड्यात ते वाक्य तिच्या मॅनेजरनंच विचारलं, ‘‘तुमच्याकडे पोरांच्या पाळ्या कशा लावायचात?’’

थांबतो आम्ही इथे. कुणाला आपला बायोडेटा दाखवायचा असेल तर कार्यक्रमानंतर बाहेर चहापाशी भेटू.